गाडीतळावर बदला, पण उरुळी कोणती ते विचारून

जुलै-ऑगस्टमध्ये प्रवेशाच्या फेऱ्या संपत आल्या की पुण्यातल्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला एक फोन येतो. "काका, कॉलेज मिळालं. लोणी काळभोरला आहे. स्वारगेटवरून बस कुठली?" काका तीस वर्षं पुण्यात राहिलेले असतात, पण लोणीला बसने कधी गेलेले नसतात. ते म्हणतात, "हडपसरची पकड, तिथून पुढे भरपूर गाड्या आहेत." उत्तर खोटं नाही, फक्त अर्धं आहे. पोरगं चुकतं ते उरलेल्या अर्ध्यात.

शहराबाहेरच्या कॉलेजची वाट शहरातल्या कॉलेजच्या वाटेसारखी नसते. डेक्कनच्या कॉलेजला जाताना एखादी बस चुकली तर चार थांबे मागे चालत यावं लागतं. शहराच्या टोकाला बस चुकली तर भलत्याच महामार्गावर, भलत्याच तालुक्याच्या दिशेने प्रवास सुरू होतो आणि ते कळेपर्यंत पंधरा मिनिटं गेलेली असतात. म्हणून नव्या विद्यार्थ्याला वाट सांगताना बसच्या नंबरापेक्षा तीन गोष्टी जास्त उपयोगाच्या ठरतात: बदलायचं कुठे, पाटीवर कुठलं गाव हवं आणि बस बरोबर चालली आहे हे खिडकीतून कसं ओळखायचं. लोणी काळभोरचा रस्ता घेऊन हे नीट पाहू. एमआयटी एडीटी विद्यापीठाचं आवार तिथे आहे. राज कपूर यांची शेती होती तो राजबाग परिसर म्हणजेच ही जागा. दरवर्षी बाहेरगावची कितीतरी मुलं या वाटेने पहिल्यांदा जातात.

आधी लोणी कोणती ते ठरवा

सगळ्यात महागडी चूक बसमध्ये चढण्याच्या आधीच होते, नुसतं "लोणी" विचारल्यामुळे. पुण्याभोवती लोण्या दोन. लोणी काळभोर सोलापूर रस्त्यावर, हडपसरच्या पुढे. लोणी कंद नगर रस्त्यावर, वाघोलीच्या पुढे. दोन्ही गावं पुण्याच्या पूर्वेलाच, पण मध्ये मुळा-मुठा आहे आणि रस्ते पूर्ण वेगळे. पुणे स्टेशनवर घाईत "लोणीला कुठली जाते?" असं विचारलं तर समोरचा माणूस त्याच्या ओळखीची लोणी सांगणार. खराडी-वाघोलीकडचा असेल तर तो तुम्हाला नगर रस्त्याच्या बसमध्ये बसवून देईल, तेही अगदी मनापासून.

कॉलेजच्या नावानेही असाच घोळ होतो. "एमआयटीला जायचंय" म्हटलं की निम्मं पुणे कोथरूडच्या पौड रस्त्याकडे बोट दाखवतं, कारण जुनं आवार तिथे आहे. आळंदीलाही एमआयटीचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. कोथरूड शहराच्या पश्चिमेला, आळंदी उत्तरेला आणि लोणी पूर्वेला. प्रवेशपत्रावरचा पत्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. त्यात "राजबाग", "लोणी काळभोर", "सोलापूर रस्ता" हे शब्द दिसले तरच पुढचं सगळं लागू.

रस्त्यावर विचारताना मात्र विद्यापीठाचं लांबलचक नाव सांगून उपयोग नाही. "सोलापूर रोडची लोणी, लोणी स्टेशन" एवढं म्हटलं की वाहकाला कळतं.

सगळ्या वाटा गाडीतळाला येतात

शहराच्या कुठल्याही भागातून निघालात तरी लोणीच्या वाटेवर एक ठिकाण टळत नाही, ते म्हणजे हडपसर गाडीतळ. सगळा प्रवास या एका जागेभोवती बांधायचा. पहिल्या टप्प्यात फक्त गाडीतळ गाठायचा आणि त्या वेळी लोणीचा विचारही करायचा नाही. दुसऱ्या टप्प्यात गाडीतळावरून लोणी.

स्वारगेटहून निघालेली हडपसरची बस शंकरशेठ रस्त्याने गोळीबार मैदान, पूलगेट, फातिमानगर, रामटेकडी, वैदूवाडी, मगरपट्टा असं करत गाडीतळाला येते. पुणे स्टेशनहून येणाऱ्या गाड्या कॅम्पातून पूलगेटला येतात आणि तिथून याच रस्त्याला लागतात. म्हणजे पूलगेटच्या पुढे दोन्हीकडच्या गाड्या एकाच वाटेवर असतात आणि हडपसरकडे जाणारी कुठलीही चालते. कात्रजहून यायचं असेल तर स्वारगेटला जायची गरजच नाही. 291 नंबरची कात्रज-हडपसर बस कोंढव्याच्या बाजूने परस्पर येते. पिंपरी-चिंचवडकडच्या मुलांना आता मेट्रोचा आधार आहे. सप्टेंबर 2024 मध्ये भुयारी मार्गाचा शेवटचा तुकडा सुरू झाल्यापासून पिंपरीहून मेट्रोने सरळ स्वारगेटला उतरता येतं आणि तिथून हडपसरची बस घेता येते. हडपसरला मात्र अजून मेट्रो जात नाही. रामवाडीची मेट्रो पूर्वेला जाते खरी, पण ती नगर रस्त्याच्या अंगाने जाते. ती घेतली तर लोणी कंदवाली चूक मेट्रोतून होईल, इतकाच फरक.

या पहिल्या टप्प्यात नंबर पाठ करून फारसा फायदा नाही. हडपसरकडे जाणाऱ्या गाड्यांचे नंबर बरेच आहेत आणि वेळापत्रकं बदलली की ते इकडेतिकडे होतात. पाटीवर "हडपसर" किंवा "गाडीतळ" असेल तर बस तिथेच संपते आणि उतरायला चुकण्याचा प्रश्नच येत नाही. "भेकराईनगर", "फुरसुंगी", "शेवाळेवाडी", "मांजरी" असं असेल तर ती गाडीतळावरून पुढे जाते. तीही चालेल, पण गाडीतळाला उतरायचं आहे हे वाहकाला तिकीट काढतानाच सांगावं.

रस्ता इथे फुटतो

गाडीतळाच्या पुढे रस्त्याला दोन फाटे फुटतात. सरळ जातो तो सोलापूर रस्ता. उजवीकडे वळतो तो सासवड रस्ता, जो पुढे दिवे घाटाने सासवड-जेजुरीला जातो. गाडीतळापर्यंत एकाच रस्त्याने आलेल्या गाड्या इथून दोन दिशांना पांगतात. नवा विद्यार्थी नेमका इथेच फसतो, कारण गावांची नावं त्याच्या विरुद्ध काम करतात.

लोणीला नेणारी मुख्य बस आहे उरुळी कांचनची. उरुळी कांचन सोलापूर रस्त्यावर लोणीच्या पुढे आहे, त्यामुळे तिथे जाणारी बस लोणीवरून जाणारच. पण सासवड रस्त्यावरही एक उरुळी आहे, उरुळी देवाची. गाडीतळावर "उरुळीची बस कुठे लागते?" असं विचारलं तर अर्ध्या वेळा उत्तर दुसऱ्याच उरुळीचं मिळू शकतं. विचारायचं ते पूर्ण नाव, "उरुळी कांचन". कोणी नुसतं "उरुळी ना, ती काय समोर" असं म्हणालं तर "कांचन की देवाची?" असा उलटा प्रश्न टाकायचा.

बसच्या पाटीवर शेवटच्या थांब्याचं नाव असतं, वाटेतल्या गावांचं नाही. त्यामुळे "लोणी" लिहिलेल्या बसची वाट पाहत बसलं तर समोरून चार चांगल्या गाड्या निघून जातात. यासाठी एक साधा नियम पुरतो. पाटीवरचं गाव सोलापूर रस्त्याच्या अंगाने लोणीच्या पुढे असेल तर बस चालेल. उरुळी कांचन चालेल. थेऊर चालेल, कारण अष्टविनायकातल्या चिंतामणीच्या त्या गावाचा फाटाही लोणीच्या पुढेच फुटतो. शेवाळेवाडी आणि मांजरी मात्र चालणार नाही. रस्ता बरोबर आहे, पण ती बस लोणीच्या अलीकडेच थांबते. फुरसुंगी, भेकराईनगर, सासवड, जेजुरी यांचा तर रस्ताच वेगळा.

शेवाळेवाडीची बस हा मोठा मोह आहे. शेवाळेवाडीला पीएमपीचं आगार असल्यामुळे शहरातून तिकडे बऱ्याच गाड्या जातात. नवा मुलगा म्हणतो, "चला, गाडीतळापेक्षा जवळ पोहोचू, तिथे बदलू." अंतराच्या हिशेबाने ते बरोबर दिसतं. जागेच्या हिशेबाने फसतं. उरुळी कांचनच्या गाड्या गाडीतळावर भरतात. तिथे चढलात तर बसायला मिळण्याची शक्यता असते, निदान नीट उभं राहता येतं. पुढच्या थांब्यावर त्याच गाडीत चढायचं तर सकाळच्या वेळी दारातल्या गर्दीतून वाट काढावी लागते आणि कधी चालक थांबत नाही, कारण जागाच नसते. बदलायचं ते गाडी जिथे सुरू होते तिथे.

खिडकीतून खात्री

बसमध्ये बसल्यावर पहिल्या पाच-सात मिनिटांत आपण बरोबर चाललोय की नाही हे कळायला हवं. अर्ध्या तासाने कळून फायदा नाही. त्यासाठी दोन्ही रस्त्यांवरच्या खुणा माहीत असाव्यात.

सोलापूर रस्त्यावर असाल तर गाडीतळानंतर रवीदर्शन आणि पंधरा नंबर ही नावं ऐकू येतील. मग शेवाळेवाडी, कवडीपाट टोलनाका, कदमवाकवस्ती आणि लोणी स्टेशन. कवडीपाटला टोल घेणं केव्हाच बंद झालंय, पण थांब्याचं आणि लोकांच्या बोलण्यातलं नाव टोलनाका हेच आहे, तेव्हा नाका दिसण्याची वाट पाहू नये. कदमवाकवस्ती ऐकलं की उठून पुढच्या दाराकडे सरकायला लागायचं.

याउलट गाडीतळ सोडल्यावर भेकराईनगर, फुरसुंगी फाटा, मंतरवाडी अशी नावं कानावर आली तर बस सासवड रस्त्याला लागलेली आहे. घाबरायचं कारण नाही, पण "बघू, पुढे वळेल" असं म्हणत बसायचंही नाही. ती वळणार नाही, दिवे घाटाकडे जाईल. भेकराईनगरलाच उतरावं. तिथे पीएमपीचं आगार आहे आणि गाडीतळाकडे परत येणाऱ्या गाड्या सहज मिळतात. मंतरवाडीच्या पुढे गेलात की परतीच्या गाड्या विरळ होत जातात.

फोनवरच्या नकाशाचा इथे खरा उपयोग आहे. मार्ग शोधण्यापेक्षा ही खात्री करण्यासाठी तो उघडावा. निळा ठिपका रेल्वेमार्गाच्या आसपास, पूर्वेकडे सरकत असेल तर ठीक. दक्षिणेकडे, डोंगरांच्या दिशेने चालला असेल तर उतरा. पीएमपीचं "आपली पीएमपीएमएल" हे अ‍ॅपही बस कुठवर आली हे पाहायला आणि तिकीट काढायला उपयोगी पडतं. पण त्यात थांबा शोधतानाही पूर्ण नाव टाकावं लागतं, नाहीतर तिथेही दोन उरुळ्या समोर येतात.

थेट बस की दोन बस?

आई-वडिलांचा हमखास प्रश्न असतो, "थेट बस नाही का? बदलायची कटकट कशाला?" शहरातून उरुळी कांचनकडे थेट जाणारी बस कधी मिळते. समोर उभी असेल तर खुशाल बसावं. पण तिच्यासाठी थांबून राहावं का, हे ठरवायला थोडं गणित करून पाहू.

समजा थेट बस तासाला एक आहे. तुम्ही वेळ न बघता थांब्यावर गेलात तर सरासरी अर्धा तास थांबावं लागेल, नशीब वाईट असेल तर पूर्ण तास. दुसरीकडे हडपसरची बस समजा दर दहा मिनिटांनी आहे आणि गाडीतळावरून उरुळी कांचनची दर वीस मिनिटांनी. पहिल्या थांब्यावर सरासरी पाच मिनिटं आणि दुसऱ्यावर दहा, मिळून पंधरा. सगळं वाईट घडलं तरी दहा आणि वीस मिळून तीस. म्हणजे दोन बसचा सगळ्यात वाईट दिवस थेट बसच्या सरासरी दिवसाइतका. आकडे मार्गागणिक बदलतील, पण ज्या रस्त्यावर गाड्या दाट आहेत तो आधी पकडावा, हे तत्त्व टिकतं.

याला मर्यादा आहे. हे गणित गाडीतळावरून पुढे गाड्या वरचेवर असतील तोवरच चालतं. भल्या पहाटे आणि रात्री दुसरा टप्पा विरळ होतो, मग थेट बसची वेळ माहीत असलेला माणूस जिंकतो. म्हणून पहिल्याच दिवशी गाडीतळावरच्या नियंत्रण केबिनमध्ये जाऊन विचारावं, "उरुळी कांचनची पहिली कितीला आणि तिकडून शेवटची कितीला?" तिथल्या माणसाला गाड्यांच्या वेळा रोजच्या पाठ असतात. हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत.

पासाची हद्द

पैशाच्या बाबतीत शहराबाहेरच्या कॉलेजचा एक वेगळा पेच आहे आणि तो बहुतेकांना पहिल्याच आठवड्यात कळतो. जून 2025 पासून पीएमपीचं भाडं टप्प्यांवर आलंय. पाच किलोमीटरपर्यंत 10 रुपये, पाच ते दहा किलोमीटरला 20 रुपये, पुढेही असंच वाढत जातं. स्वारगेट ते गाडीतळ हे अंतर दहा किलोमीटरच्या आतलं आणि गाडीतळ ते लोणी स्टेशनही तसंच. म्हणजे दोन तिकिटं, 20 अधिक 20. जायचे 40, यायचे 40, दिवसाचे 80.

दिवसभराचा पास 70 रुपयांना मिळतो हे ऐकून कोणीही म्हणेल, मग पासच काढू, दहा रुपये वाचतील. पण हा पास पुणे आणि पिंपरी-चिंचवड या महापालिकांच्या हद्दीपुरता. मांजरी बुद्रुक आणि शेवाळेवाडी 2021 मध्ये पुणे महापालिकेत आली, पण त्यापुढची कदमवाकवस्ती आणि लोणी काळभोर ग्रामपंचायतींची गावं आहेत. हद्द ओलांडली की 70 चा पास पुरत नाही आणि हद्दीबाहेरही चालणारा पास 150 रुपयांचा आहे. म्हणजे फक्त कॉलेजला जाऊन परत येणाऱ्या मुलाला पासापेक्षा तिकिटं स्वस्त पडतात. 150 चा पास वसूल व्हायचा तर त्या दिवशी आणखी बरंच फिरावं लागेल.

रोजच्या प्रवासाला विद्यार्थी पास हाच खरा पर्याय. तो काढताना खिडकीवर एकच प्रश्न विचारायचा, "हा लोणी स्टेशनपर्यंत चालतो का?" नुसतं "हडपसरच्या पुढे चालतो ना?" असं विचारू नये, कारण हडपसरच्या पुढची बरीच जागा हद्दीतच आहे आणि उत्तर "हो" असंच येईल. बोनाफाइड प्रमाणपत्र आणि कॉलेजचं ओळखपत्र मिळेपर्यंत सुरुवातीचे दिवस तिकिटावरच काढावे लागतात, तेव्हा दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा किंवा फोनमध्ये यूपीआय तयार ठेवावं.

साताऱ्याची मुलगी, सोलापूरचा मुलगा

आता हे सगळं एका प्रवासात लावून पाहू. समजा साताऱ्याहून एक मुलगी पहिल्या दिवशी कॉलेजात हजर व्हायला निघाली आहे. दहा वाजता पोहोचायचं आहे. घरच्यांनी सांगितलंय, "स्वारगेटला उतर, तिथून विचार." पण तिची एसटी स्वारगेटला जाताना आधी कात्रजवरून जाते. तिने कात्रजलाच उतरावं. स्वारगेटपर्यंत जायचं, तिथल्या गर्दीत हडपसरची बस शोधायची आणि मग पूर्वेला वळायचं, हा फेरा वाचतो. मात्र काही एसटी गाड्या कात्रज न घेता बाह्यवळण रस्त्याने जातात, म्हणून साताऱ्यात चढतानाच वाहकाला विचारायचं, "कात्रजला थांबणार ना?"

कात्रजला ती हडपसरच्या बसमध्ये चढते.

"काका, गाडीतळ?"

"शेवटचा थांबा तोच, बाळ. बस निवांत."

इथे तिला काही लक्षात ठेवायचं नाही, बस जिथे रिकामी होईल तिथे उतरायचं. गाडीतळाला उतरल्यावर ती कोणालाही लोणी विचारत नाही, विचारते ती "उरुळी कांचनची कुठे लागते?" बसमध्ये मागच्या दाराने चढून तिकीट मागताना म्हणते, "एक लोणी स्टेशन, एमआयटी कॉर्नर आला की सांगा." बायकांसाठी राखीव जागा डाव्या बाजूला असतात, तिथे बसली तर उतरायच्या बाजूचे थांबेही दिसतात. रवीदर्शन, पंधरा नंबर ऐकू आलं की पहिली खात्री झाली. कदमवाकवस्ती आलं की उठायचं.

वेळेचा हिशेब तिने उलटा मांडावा. दहाला वर्गात म्हणजे पावणेदहाला महामार्गावर, कारण उतरल्यावर आवारापर्यंत आत जाणं उरतंच. गाडीतळ ते लोणी गर्दीच्या वेळी साधारण पाऊण तास धरावा, गाडीतळावर थांबण्याची वीस मिनिटं. म्हणजे पावणेनऊच्या आधी गाडीतळावर असायला हवं. कात्रज ते हडपसरला सकाळी तास-सव्वा तास हाताशी ठेवला तर साडेसातला कात्रज. तिची साताऱ्याची एसटी त्यावर ठरते, आणि ती पहाटेची निघते. हे कळल्यावर आदल्या दिवशीच येऊन राहण्याचा निर्णय बहुतेक घरांत होतो.

सोलापूर, इंदापूर, दौंडकडच्या मुलाचं गणित पूर्ण उलटं. त्याची एसटी यवत, उरुळी कांचन, लोणी असं करत पुण्याकडे येते, म्हणजे कॉलेज त्याला हडपसरच्या आधीच लागतं. तरीही कितीतरी जण खिडकीतून लोणी मागे पडताना पाहतात, स्वारगेटला उतरतात आणि तोच रस्ता परत कापतात. थांबणारी साधी गाडी असेल तर लोणीलाच उतरावं. जलद गाडी असेल तर हडपसरला उतरून पीएमपीने मागे यावं, तेही स्वारगेटपेक्षा बरं. दौंडकडून येणाऱ्याला आणखी एक सोय आहे. दौंड-पुणे लोकलसारखी गाडी लोणी स्टेशनला थांबते. दिवसातून मोजक्याच फेऱ्या असल्याने वेळ जुळली तरच कामाची, पण जुळली तर महामार्गावरची सगळी कोंडी टळते.

परतीची वाट

सकाळी बरोबर पोहोचलेली मुलं संध्याकाळी चुकतात, कारण सांगणाऱ्याने फक्त जायचं सांगितलेलं असतं. परत येताना बस रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला थांबते. महामार्ग आहे, गाड्या वेगात असतात, जिथे चौकात सिग्नल किंवा दुभाजकातली वाट आहे तिथूनच ओलांडावा. परतीला पाट्या वाचायचं ओझं कमी, कारण पुण्याकडे जाणारी कुठलीही पीएमपी गाडीतळाला पोहोचवते.

अडचण वेगळी असते. सकाळी गाडीतळावर गाडी रिकामी मिळते, पण संध्याकाळी ती उरुळी कांचनहून भरून येते आणि कॉलेज सुटताना थांब्यावर शेकडो मुलं एकाच वेळी उभी असतात. पहिल्या गाडीत शिरायची झटापट करण्यापेक्षा कॉलेज सुटल्यावर अर्धा-पाऊण तास वाचनालयात काढलेला बरा, हे दुसऱ्या वर्षाची मुलं स्वतःच सांगतात. प्रयोगशाळा, कार्यक्रम, तालीम यांमुळे उशीर होणार असेल त्या दिवशी मात्र शेवटच्या बसची वेळ आधी पाहायची. ती चुकली तर हडपसरपर्यंत सहाआसनी किंवा रिक्षा, आणि तेव्हा भाडं आपण ठरवत नाही.

म्हणून पुढच्या वेळी कोणी फोन करून वाट विचारली तर तोंडी सांगून सोडून देऊ नये. लिहून पाठवावी आणि ती अशी असावी:

"सोलापूर रोडची लोणी काळभोर, नगर रोडची लोणी कंद नाही. आधी पाटीवर हडपसर बघून गाडीतळाला उतर. तिथून उरुळी कांचन किंवा थेऊर. उरुळी देवाची नाही, शेवाळेवाडी नाही. तिकीट लोणी स्टेशनचं माग. रवीदर्शन, पंधरा नंबर आलं तर बरोबर. भेकराईनगर आलं तर लगेच उतर आणि गाडीतळाला परत ये. कदमवाकवस्तीला उठ. येताना रस्ता ओलांडून पलीकडून पुण्याकडची कुठलीही बस. शेवटची कितीला आहे ते गाडीतळाच्या केबिनमध्ये आजच विचार."

यात बसचा एकही नंबर नाही, म्हणून वेळापत्रक बदललं तरी हा निरोप पुढच्या वर्षीच्या मुलालाही तसाच पाठवता येईल.